इंग्रजी बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज समजावून मागणारे पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराणा, जनरल, हार्डवेअर, स्टेशनरी अशा छोट्या दुकानांत बिलिंगचे सॉफ्टवेअर बहुधा इंग्रजीत असते आणि ते बसवून देणारा डीलर अर्ध्या तासात ‘सगळं सेट केलंय’ म्हणून निघून जातो. पुढे एखादे बिल चुकीचे निघाले की दुकानदार आणि सेटिंग्जचा पडदा समोरासमोर येतात. अशा वेळी डीलरला किंवा कंपनीला पत्र कसे लिहावे, त्यात नेमके काय विचारावे, यासाठी हे पान आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावे थोडी वेगळी असतात. इथे दिलेली नावे नेहमी आढळणारी आहेत, पण पत्रात मात्र तुमच्या पडद्यावर दिसते तेच नाव लिहा.

फोन केला की काम होते, मग पत्र कशाला?

प्रिंटर बंद पडला, पासवर्ड विसरला, कागद अडकला, अशा कामाला फोनच बरा. सेटिंगची गोष्ट वेगळी आहे. फोनवर समोरचा माणूस ‘वरून तिसरी टिक काढा’ म्हणतो, तुम्ही काढता, बिल बरोबर येते. ती टिक कशाची होती, तिच्यामुळे आणखी काय बदलले, गेल्या महिन्याची बिले चुकीची गेली का, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. पुढे सॉफ्टवेअर अपडेट झाले किंवा नवा संगणक घेतला की ती टिक परत लागते.

शिवाय डीलरला उत्तर येत नसेल तर तो प्रश्न कंपनीकडे पाठवतो. तोंडी प्रश्न पुढे जाताना त्यातले आकडे गळतात आणि ‘बिल चुकीचे येते’ एवढेच उरते. लेखी प्रश्न जसाच्या तसा पुढे जातो.

पत्र मराठीत लिहायचे की इंग्रजीत?

डीलर तुमच्या गावचा किंवा जिल्ह्याचा असेल तर सरळ मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या प्रश्नाचा उलटा अर्थ लागू शकतो. पाळायची गोष्ट एकच: पडद्यावरचे शब्द इंग्रजी अक्षरांत, जसेच्या तसे लिहायचे. `Tax Inclusive` ला ‘करासहित’ असे लिहिले तर सपोर्टच्या माणसाला ते कुठले बटण हे शोधत बसावे लागते. कारण `Tax Inclusive`, `MRP Inclusive` आणि `Inclusive Rate` अशी तीन वेगळी बटणे एकाच सॉफ्टवेअरमध्ये असू शकतात.

पत्र परराज्यातल्या कंपनीकडे जाणार असेल तरी मजकूर मराठीतच ठेवून खाली आकड्यांचा छोटा तक्ता जोडा: माल, एमआरपी, दर, अपेक्षित रक्कम, आलेली रक्कम. आकडे आणि पडद्याचे फोटो वाचायला मराठी यावी लागत नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये मेनू मराठीत करण्याची सोय असते. ती वापरत असाल तर फोटो काढण्यापुरती भाषा परत इंग्रजी करा. सपोर्टवाल्यासमोरचा पडदा इंग्रजीच असतो.

डीलरला काय विचारावे आणि काय विचारू नये?

बहुतेक पत्रे इथेच घसरतात. ‘कुठली सेटिंग ठेवू?’ हा प्रश्न डीलरला विचारला की तो इतर दुकानांत जी ठेवतो तीच सांगतो. ती तुमच्या दुकानाला लागू असेलच असे नाही.

डीलरला विचारायचे ते हे: हे बटण चालू केल्यावर बिलात काय बदलते, रिपोर्टमध्ये काय बदलते, आणि आधी झालेल्या बिलांना हात लागतो का. ही माहिती त्याच्याकडे असते, निदान असायला हवी.

मालाला कर ५ टक्के की १८, तुम्ही कंपोझिशनमध्ये बसता का, चुकलेल्या बिलांचे रिटर्नमध्ये काय करायचे, हे प्रश्न तुमच्या कर सल्लागाराचे किंवा सीएचे. डीलरने त्यावर मत दिले तरी चुकीची जबाबदारी तुमच्यावरच राहते. त्यामुळे पत्र पाठवण्याआधी सल्लागाराला एक फोन करा, योग्य आकडा काय यायला हवा ते विचारून घ्या आणि पत्रात तो आकडा ‘अपेक्षित’ म्हणून लिहा.

बिलाची रक्कम एमआरपीपेक्षा जास्त येते. पत्रात काय लिहू?

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे आणि लगेच निस्तरावी अशीही. पाकिटावरची एमआरपी सर्व करांसहित असते. तिच्यावर कर चढवून पैसे घेणे म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त घेणे, आणि ते वजनमापे कायद्याखाली गुन्हा ठरते. मुद्दाम केले नाही, सॉफ्टवेअरने केले, हे तिथे ऐकून घेतले जात नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. शाम्पूची बाटली, एमआरपी २१० रुपये, कर ५ टक्के. किंमत करासहित असल्यामुळे मूळ किंमत अशी काढायची: एमआरपी गुणिले १००, भागिले १०५. म्हणजे २०० रुपये. उरलेले १० रुपये कर, त्यात ५ सीजीएसटी आणि ५ एसजीएसटी. बिल २१० चेच.

सॉफ्टवेअरमध्ये दर `Tax Exclusive` म्हणून नोंदला असेल तर ते २१० हीच मूळ किंमत धरते. तिच्यावर ५ टक्के म्हणजे १० रुपये ५० पैसे चढतात आणि बिल होते २२० रुपये ५० पैसे.

चूक हीच आहे का, हे ओळखायला बिलाची रक्कम एमआरपीने भागा. उत्तर १.०५ आले तर ५ टक्के वरून चढलेत, १.१८ आले तर १८ टक्के. भलतेच काही आले, जसे १.०२ किंवा १.११, तर दोष वेगळीकडे आहे: दर चुकीचा भरलाय, पॅकिंगचा खर्च आपोआप जोडला जातोय किंवा बिलात दोन प्रकारचा माल आहे. म्हणून तपासायला एकाच वस्तूचे, एका नगाचे बिल घ्या. दहा वस्तूंच्या बिलातून कारण सापडत नाही.

पत्रात वरचे पाच आकडे लिहा: एमआरपी २१०, कर ५ टक्के, अपेक्षित मूळ किंमत २००, अपेक्षित बिल २१०, आलेले बिल २२०.५०. एवढ्यावरून डीलरला फोन न करताही कारण कळते.

मी `Tax Inclusive` ची टिक लावली, तरी काही बिले अजून चुकीचीच येतात. का?

कारण ही सेटिंग एकाच जागी नसते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती तीन-चार ठिकाणी असू शकते. एक, संपूर्ण दुकानासाठी, `Company Settings` किंवा `Configuration` मध्ये. दोन, प्रत्येक मालाच्या नोंदीत, म्हणजे `Item Master` मध्ये. तीन, गिऱ्हाइकाच्या खात्यात, `Party Master` मध्ये किंवा त्याला लावलेल्या `Price List` मध्ये. चार, बिलाच्या प्रकारात, जिथे किरकोळ आणि घाऊक बिलाचे नमुने वेगळे केलेले असतात.

रोखीची बिले बरोबर आणि उधारीच्या ठरावीक गिऱ्हाइकांची चुकीची येत असतील तर दोष खात्यात किंवा दरपत्रकात आहे. एखादीच वस्तू सगळीकडे चुकीची येत असेल तर मालाच्या नोंदीत. नव्याने भरलेला मालच तेवढा चुकत असेल तर नवी नोंद उघडताना सॉफ्टवेअर आपोआप जी निवड धरते, ती उलटी आहे.

म्हणून पत्रातला प्रश्न असा हवा: ‘ही सेटिंग किती ठिकाणी आहे, आणि दोन ठिकाणी वेगवेगळी असेल तर कोणती लागू होते?’ दुसरा अर्धा भाग विसरू नका. खरा उलगडा त्याच उत्तरात असतो.

करासहित ठेवले, तरी बिलात एक पैसा जास्त दिसतो. सॉफ्टवेअर बिघडलेय का?

नाही. हा पैसे कुठल्या टप्प्यावर पूर्ण करायचे याचा घोळ आहे. ९९ रुपये एमआरपीची वस्तू घ्या, कर ५ टक्के. मूळ किंमत ९४.२८५७ रुपये येते, सॉफ्टवेअर ती ९४.२९ करते. त्यावर अडीच टक्के सीजीएसटी २.३५७ येतो, तो २.३६ होतो. एसजीएसटीही २.३६. आता बेरीज करा: ९४.२९ अधिक २.३६ अधिक २.३६ म्हणजे ९९.०१. छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्त.

काही सॉफ्टवेअर हा पैसा मूळ किमतीतून काढून ती ९४.२८ दाखवतात, म्हणजे बेरीज ९९ होते. काही तो तसाच ठेवतात आणि शेवटी `Round Off` या ओळीत उणे ०.०१ दाखवतात. दोन्ही चालतात, फक्त तुमचे कसे करते ते माहीत हवे. `Round Off` बंद असेल तर तो पैसा बिलावर उघडा राहतो. आणि राउंडिंग बिलाच्या शेवटी न होता प्रत्येक ओळीवर रुपयात होत असेल तर वीस ओळींच्या बिलात फरक दोन-चार रुपयांचाही पडतो.

विचारायचे एवढेच: ‘राउंडिंग प्रत्येक ओळीवर होते की बिलाच्या शेवटी, आणि फरकाची रक्कम कोणत्या खात्यात जाते?’ वर्षअखेरीस हिशेबाचा मेळ बसवताना सीए तेच खाते मागणार असतो.

सूट दिली तर गिऱ्हाइकाचे बिल बरोबर येते, पण सीए म्हणतो कर जास्त दाखवलाय. हे कसे?

हा दोष बिल बघून कळत नाही, म्हणून महिनोन् महिने चालू राहतो. मिक्सर घ्या: करापूर्वीची किंमत २,००० रुपये, कर १८ टक्के, सूट १० टक्के.

सूट आधी वजा झाली तर किंमत १,८०० होते, त्यावर कर ३२४, एकूण २,१२४.

सूट नंतर वजा झाली तर २,००० वर कर ३६०, बेरीज २,३६०, त्यातून १० टक्के म्हणजे २३६ वजा, एकूण परत २,१२४.

गिऱ्हाइकाने दोन्ही वेळा तेवढेच पैसे दिले. पण दुसऱ्या बिलात कर ३६० नोंदला गेला आणि रिटर्नमध्ये तोच जाणार. जास्तीचे ३६ रुपये तुमच्या नफ्यातून गेले. बिल करतानाच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट मालाच्या किमतीतून वजा होऊन उरलेल्या रकमेवर कर लागतो, अशी तरतूद जीएसटी कायद्यात आहे. त्यामुळे नेहमीच्या सुटीसाठी `Discount Before Tax` किंवा तशा अर्थाची निवड हवी.

गोंधळ वाढतो तो सूट देण्याच्या जागा दोन असतात म्हणून. एक ओळीसमोरचा रकाना, दुसरा बिलाच्या तळाशी, ज्याला कुठे `Bill Discount` तर कुठे `Cash Discount` म्हणतात. ओळीची सूट बहुधा आधी वजा होते, तळाची अनेकदा नंतर. पत्रात वरचे मिक्सरचे उदाहरण लिहा आणि विचारा: ‘दोन्ही रकान्यांत १० टक्के घातल्यावर कर किती येतो, ३२४ की ३६०?’ उत्तर आकड्यात मागा. ‘सूट बरोबर बसते’ हे उत्तर नव्हे.

आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. आमच्यासाठी काही वेगळे?

हो, आणि वरचे बरेचसे तुम्हाला लागू नाही. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, म्हणून बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीचे रकानेच नकोत. तुमच्या कागदाला ‘टॅक्स इनव्हॉइस’ नाही तर ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणतात. त्याच्या माथ्यावर पुढील ओळ असावी लागते:

```
Composition taxable person, not eligible to collect tax on supplies
```

पत्रात विचारा की `Registration Type` ला `Composition` निवडल्यावर बिलाचे शीर्षक, ही ओळ आणि कराचे रकाने आपोआप बदलतात का, की प्रिंटचा नमुना वेगळा निवडावा लागतो. कित्येकदा हिशेब बदलतो पण छपाईचा नमुना जुनाच राहतो.

मालाचा कर बदलला तेव्हा जुनी बिले आपोआप बदलली. हे सेटिंगने थांबते का?

सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे आणि नेमके हेच लेखी विचारून ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या नोंदीत कराचा एकच रकाना असतो, तिथे १८ पुसून ५ लिहिले की पुढची बिले बरोबर येतात. पण २२ तारखेच्या आधीचे एखादे बिल कोणी नाव दुरुस्त करायला उघडले आणि परत सेव्ह केले, तर ते नव्या दराने मोजले जाऊ शकते. रिटर्न भरलेले एक आणि संगणकातले दुसरे.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दरासोबत `Effective From` किंवा `Applicable From` असा तारखेचा रकाना असतो. जुना दर न पुसता त्याखाली नवा दर आणि तारीख भरायची असते. तुमच्याकडे तो रकाना आहे का, आणि नसेल तर जुनी बिले कुलूपबंद करण्याची सोय आहे का, एवढे दोन प्रश्न पुरेत. जुन्या तारखेपर्यंतची बिले बदलता येऊ नयेत म्हणून `Lock Date`, `Freeze` किंवा तशा नावाची सेटिंग बऱ्याच ठिकाणी असते. रिटर्न भरले की त्या महिन्यापर्यंत कुलूप लावायची सवय ठेवा.

आधीच काही बिले बदलली असतील तर डीलरला ती ‘दुरुस्त करून द्या’ म्हणू नका. कुठली बदलली त्यांची यादी मागा (`Edit Log` किंवा `Audit Trail` असेल तर त्यातून निघते) आणि ती सीएला द्या.

बिल क्रमांकाबद्दल काय विचारावे?

बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. `KIRANA/2025-26/00412` हा दिसायला सुबक असला तरी २० अक्षरांचा आहे. `KG/25-26/00412` हा १४ मध्ये बसतो. विचारायचे ते हे, की १ एप्रिलला क्रमांक आपोआप नव्याने सुरू होतो का, आणि रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक तसाच राहतो की सॉफ्टवेअर तो पुढच्या बिलाला देऊन टाकते. रद्द बिल रद्द म्हणून दिसत राहिलेले बरे.

साखर दुकानात आहे, पण सॉफ्टवेअर साठा उणे दाखवते. `Negative Stock` बंद करू का?

आधी कारण शोधा. किराणा दुकानात हे बहुधा एककामुळे होते. खरेदीच्या बिलावर ‘१ पोते’ असते म्हणून नोंद १ अशी केली जाते, विक्री मात्र किलोत होते. तीन किलो विकले की साठा उणे दोन. पोत्यात पन्नास किलो आहेत हे सॉफ्टवेअरला सांगितलेलेच नसते. त्यासाठी मालाच्या नोंदीत `Alternate Unit` आणि `Conversion` असे रकाने असतात: १ पोते बरोबर ५० किलो. ते भरले की खरेदी पोत्यात आणि विक्री किलोत चालते.

दुसरे कारण साधे आहे. माल सकाळी आला, विकायला लागलात, खरेदीचे बिल चार दिवसांनी भरले. त्या चार दिवसांत साठा उणेच दिसणार.

`Negative Stock` ला सहसा तीन पर्याय असतात: चालू द्या, इशारा द्या, अडवा. `Block` लावले तर गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक समोर, माल हातात आणि बिल निघत नाही, अशी पंचाईत होते. छोट्या दुकानाला `Warn` बरे. मात्र उणे साठ्यावर सरासरी खरेदी किंमत आणि नफ्याचा रिपोर्ट भरवशाचा राहत नाही. म्हणून पत्रात विचारा: ‘खरेदी नंतर भरल्यावर मागच्या विक्रीचा नफा परत मोजला जातो का, की त्यासाठी वेगळे बटण दाबावे लागते?’

मालाची नावे मराठीत भरली. पडद्यावर दिसतात, पण बिलावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे छापली जातात.

हा सॉफ्टवेअर आणि प्रिंटर यांच्यातला तंटा आहे. बिलाचे छोटे थर्मल प्रिंटर दोन पद्धतींनी छापतात. मजकूर पद्धतीत संगणक फक्त अक्षरांचे क्रमांक पाठवतो आणि प्रिंटर स्वतःच्या पोटातल्या अक्षरसंचातून छापतो. त्या संचात देवनागरी सहसा नसते, म्हणून चौकोन येतात. चित्र पद्धतीत संगणक अख्खे बिल चित्र म्हणून पाठवतो, मग पडद्यावर जे दिसते तेच कागदावर उमटते. छपाई थोडी सावकाश होते, एवढाच तोटा.

तेव्हा पत्रात विचारा: ‘छपाई `Text` किंवा `ESC/POS` पद्धतीने होते का? ती `Graphic` किंवा विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत कशी करायची?’ सोबत कागदाची रुंदी लिहा. बाजारात ज्याला तीन इंची म्हणतात तो ८० मिलिमीटरचा कागद, त्यावर छपाई साधारण ७२ मिलिमीटर रुंद होते. दोन इंची म्हणजे ५८ मिलिमीटर, छपाई ४८ मिलिमीटर. सॉफ्टवेअरमध्ये ८० निवडलेले आणि प्रिंटर ५८ चा असेल तर बिलाची उजवी बाजू, म्हणजे नेमकी रक्कम, कापली जाते.

चौकोन येत नाहीत पण ‘ज्वारी’तला ‘ज्वा’ तुटून ‘ज् वा’ असा छापला जातो, अशीही तक्रार येते. तिथे देवनागरी पोहोचली आहे, पण सॉफ्टवेअरला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत किंवा निवडलेल्या फॉन्टमध्ये ती नाहीत. फॉन्ट बदलून पाहा, विंडोजमध्ये `Nirmala UI` किंवा `Mangal` असतो. तरीही तुटत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा, आणि तो कंपनीच निस्तरू शकते. अशा वेळी छापलेल्या बिलाचा फोटो पत्राला जोडा.

पडद्याचे फोटो कसे पाठवावेत?

मोबाइलने काढलेल्या फोटोत पडद्यावर पट्टे येतात आणि बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. विंडोजच्या संगणकावर विंडोजचे बटण आणि `PrtSc` एकत्र दाबा. फोटो `Pictures` मधल्या `Screenshots` फोल्डरमध्ये जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरे पुसट होतात.

प्रत्येक प्रश्नाला दोन फोटो पुरे: सेटिंगचा पडदा आणि चुकीचे आलेले बिल. `Help` मध्ये `About` उघडून आवृत्तीचा क्रमांकही पत्रात लिहा. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांत तेच बटण वेगळ्या जागी असते.

नमुना पत्र मिळेल का?

खाली एक दिले आहे. एका पत्रात तीनपेक्षा जास्त प्रश्न घालू नका. सात प्रश्न विचारले की सोप्या दोनांची उत्तरे येतात आणि बाकीचे हवेत राहतात.

> दिनांक: ………
>
> श्री. ……… यांस,
> स.न.वि.वि.
>
> विषय: बिलिंग सॉफ्टवेअरमधील तीन सेटिंग्जची माहिती मिळण्याबाबत.
>
> आमच्या ……… या किराणा व जनरल दुकानात आपण बसवून दिलेले सॉफ्टवेअर वापरतो. आवृत्ती ………, लायसन्स क्रमांक ………, वार्षिक सेवा करार ……… पर्यंत. जीएसटी नोंदणी नियमित प्रकारची आहे. प्रिंटर तीन इंची थर्मल.
>
> १) शाम्पू, एमआरपी २१० रु., कर ५ टक्के. बिल २१० यायला हवे, २२०.५० येते. `Item Master` मध्ये `Tax Inclusive` ला `Yes` आहे (फोटो १), बिल सोबत जोडले आहे (फोटो २). असे फक्त ‘घाऊक’ दरपत्रक लावलेल्या गिऱ्हाइकांच्या बिलात होते. ही सेटिंग आणखी कुठे आहे, आणि दोन ठिकाणी वेगळी असल्यास कोणती लागू होते?
>
> २) २,००० रु. दराच्या, १८ टक्के कराच्या मालावर बिलाच्या तळाशी `Bill Discount` मध्ये १० टक्के घातल्यास कर ३६० येतो (फोटो ३). आम्हाला तो ३२४ हवा आहे. त्यासाठी काय बदलावे?
>
> ३) वरील दोन्ही बदल केल्यावर आधी झालेल्या बिलांच्या रकमा बदलतील का? ती बिले पुन्हा उघडून सेव्ह केल्यास बदलतील का?
>
> कृपया उत्तर लेखी, मेनूच्या नावांसह द्यावे. मेनूची नावे इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत असल्यास आमच्या काउंटरवरच्या माणसांनाही वाचता येईल. आपल्या उत्तरापर्यंत आम्ही कोणतीही सेटिंग बदलणार नाही.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> ………

शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. तुम्ही मधेच काही बदलले तर डीलरला चूक परत दिसत नाही आणि ‘आमच्याकडे बरोबर येते’ असे उत्तर मिळते. अर्थात एमआरपीवर कर चढत असेल तर तोवर ती बिले तशीच द्यायची नाहीत. रक्कम हाताने तपासून द्या.

डीलर म्हणतो, संगणक दुरून जोडून द्या, मी बघतो. द्यावा का?

द्यायला हरकत नाही, पण आधी बॅकअप घ्या आणि तो पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच संगणकावरचा बॅकअप बिघाडात त्याच्यासोबतच जातो. काम चालू असताना समोर बसा, बँकेची आणि जीएसटी पोर्टलची पाने बंद ठेवा, आणि कोणताही ओटीपी सांगू नका. सेटिंग बघायला तो लागतच नाही. काम संपल्यावर कोणत्या मेनूतले काय, कशाचे काय केले, ते दोन ओळींत लिहून मागा.

अख्खा डेटा ईमेलने मागितला तर का लागतो ते विचारा. त्यात तुमच्या उधारीवाल्यांची नावे, फोन नंबर आणि बाक्या असतात. बहुतेक सेटिंगच्या प्रश्नांना एका बिलाचा फोटो पुरतो.

उत्तर आले, सेटिंग बदलली. आता बरोबर आहे हे कसे तपासू?

चालू खात्यात खोटी बिले करू नका, क्रमांक वाया जातात आणि विक्रीत आकडे घुसतात. बॅकअपवरून दुसऱ्या नावाने एक तात्पुरती कंपनी उघडा (`Restore` करताना नवे नाव देण्याची सोय बहुतेकांत असते) आणि तिथे तीन बिले करा: एमआरपीचा एक नग, सूट दिलेला एक नग, आणि घाऊक गिऱ्हाइकाचे एक. आकडे पत्रातल्या अपेक्षित आकड्यांशी जुळले की मगच खऱ्या खात्यात बदल करा, शक्यतो रात्री दुकान बंद करताना. एक जुने बिल फक्त उघडून, सेव्ह न करता, रक्कम तीच आहे ना हेही बघा.

पंधरा दिवस झाले, उत्तरच नाही.

सेवा करार चालू असेल तर त्याची तारीख लिहून स्मरणपत्र पाठवा आणि प्रत थेट कंपनीच्या सपोर्टच्या ईमेलवर टाका. तिकडे तक्रार क्रमांक मिळतो, पुढचे बोलणे त्याच क्रमांकावर करा. करार संपला असेल तर सेवा फुकट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र विकत घेतानाच सेटिंग चुकीची बसवून दिली असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, पत्रात खरेदीची तारीख आणि बसवून दिल्याची तारीख लिहा.

ग्राहक आयोगाकडे जाता येते का, असेही विचारले जाते. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून सहसा वगळली जाते. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ती सवलतीत बसू शकते. एकट्याने चालवलेले दुकान आणि चार नोकरांचे दुकान यांत इथे फरक पडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी विचारून घेता येते. तेव्हा ही सगळी पत्रे आणि फोटो हाताशी ठेवा.